पाळीच्या पोटदुखीवर ओवा, बडीशेप आणि आलं: काढा कसा करायचा, आणि तपासणी कधी करायची

पाळीत पोट दुखायला लागलं की घरातून ‘ओव्याचं पाणी पी’ असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण तो पाळताना तीन गोष्टी नेहमी चुकतात. काढा दुखणं टोकाला गेल्यावर केला जातो. तो उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळला जातो, त्यामुळे त्यातलं कामाचं तेल वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतं. आणि काढ्याने भागत नाही हे दिसत असूनही दर महिन्याला तोच काढा चालू राहतो, तपासणी मात्र राहून जाते. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. म्हणून हा लेख काढ्यापासून सुरू होऊन सोनोग्राफीपर्यंत जातो.

आधी दुखतं का, एवढं समजून घेऊ. पाळी सुरू होताना गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि कळा येतात. हीच रसायनं आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून पहिल्या दिवशी अनेकींना पातळ शौचाला होतं, मळमळतं. अशी साधी पाळीची कळ रक्तस्रावाच्या काही तास आधी किंवा त्याबरोबर सुरू होते आणि साधारण दोन-तीन दिवसांत ओसरते. दुखण्याची ही चाल लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१. काढा घ्यायचा की नाही, हे आधी ठरवा

पाळी लांबली आहे आणि ‘ओवा खाल्ला की येईल’ म्हणून कोणी काढा प्यायला सांगत असेल, तर थांबा. लांबलेली पाळी ही गर्भधारणेची पहिली खूण असू शकते. शरीरसंबंध आलेला असेल तर आधी मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्ट किट आणा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा. गर्भ राहिला असण्याची शक्यता असताना ओवा औषधाच्या प्रमाणात घेऊ नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त लवकर न थांबण्याचा आजार असेल, तर आल्याचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पित्ताशयात खडे असतील तरीही आल्याबद्दल आधी विचारा. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असतील तर बडीशेपेबद्दलही विचारून घ्या, कारण तिच्यात इस्ट्रोजेनसारखं सौम्य काम करणारे घटक असतात. ज्यांना धणे, गाजर किंवा सेलरीची ॲलर्जी आहे त्यांना बडीशेप आणि ओवा या दोन्हींचा त्रास होऊ शकतो, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. आणि ज्यांना ॲसिडिटी किंवा अल्सर आहे त्यांनी ओवा रिकाम्या पोटी अजिबात घेऊ नये.

यातलं काहीच लागू नसेल तर पुढे चला.

२. तिघांपैकी एक निवडा

तिन्ही एकत्र टाकून उकळायची पद्धत आहे, पण तिचे दोन तोटे आहेत. तिखटपणामुळे छातीत जळजळ होते, आणि नेमका कशाने फरक पडला तेही कळत नाही. एका पाळीला एकच गोष्ट घ्या.

माझी पहिली पसंती आल्याला, खरं म्हणजे सुंठीला. पाळीच्या दुखण्यावर या तिघांत माणसांवर सर्वांत जास्त तपासणी झाली ती तिचीच. बहुतेक अभ्यासांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठीची पूड पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत दिली गेली. दुखणं कमी झाल्याचं त्यांत दिसलं, मात्र हे अभ्यास लहान आणि फार भक्कम नव्हते. आलं मळमळही कमी करतं, हा वरचा फायदा.

बडीशेपेवरही अभ्यास आहेत, पण त्यांत बहुतेक ठिकाणी तिचा अर्क किंवा थेंब वापरले होते. घरचा चहा त्यापेक्षा सौम्य असतो, तेव्हा तेवढ्या परिणामाची अपेक्षा ठेवू नका. ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी मात्र ती सोयीची.

ओव्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर पाळीच्या कळेवर त्याचा माणसांवरचा पुरावा फारच थोडा आहे. त्यातलं थायमॉल गॅस आणि पोटफुगीवर उपयोगी पडतं. पाळीत तुमचं पोट फुगत असेल, ढेकर अडकल्यासारखे वाटत असतील, तर ओवा घ्या. नुसती खालच्या पोटातली कळ असेल तर आधी सुंठ वापरून बघा.

३. सामान तपासून घ्या

बडीशेप घेताना मुखवासाची रंगीत, साखर लावलेली किंवा भाजलेली घेऊ नका. भाजताना तिच्यातलं तेल उडून जातं. कच्ची, हिरवट, बोटांत चुरगाळल्यावर गोड वास देणारी हवी. वाण्याकडे बाळंतशेपही मिळते, ती चपट्या बियांची आणि वेगळ्या वनस्पतीची. पुडी घरी आणल्यावर तीच निघणार नाही ना, हे बघा.

ओवा तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडा. नाकात झणका गेला पाहिजे. वास फक्त धुळीचा येत असेल तर तो जुना आहे, दुसरा आणा.

सुंठीची पूड शक्यतो सुंठ आणून घरी कुटून चाळा, नाहीतर खात्रीच्या दुकानातून बंद डबा घ्या. वर्षानुवर्षं फडताळात पडलेली पूड चवीला मवाळ होते आणि मग लोक म्हणतात, ‘सुंठीने काहीच झालं नाही.’

४. काढा करण्याची पद्धत

मापाला घरातला नेहमीचा छोटा चमचा, म्हणजे चहात साखर घालायचा, आणि साधारण १५० ते २०० मिलिलीटर पाणी मावेल असा कप घ्या.

*सुंठ.* एका कपाला सपाट पाव चमचा पूड, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. पाणी उकळलं की पूड टाका, आच मंद करा, पातेल्यावर झाकण ठेवा आणि पाच मिनिटं राहू द्या. गाळायची गरज नाही. अभ्यासांत पूर्ण पूडच पोटात गेली होती, म्हणून तळाशी बसलेला गाळ हलवून प्या. दिवसाला तीन कप घेतले की दीड ग्रॅम होते, तेवढी पुरे. सुंठ नसेल तर बोटाच्या एका पेराएवढं ताजं आलं किसून, दीड कप पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. ताज्या आल्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून त्याचं प्रमाण जास्त दिसतं. दूध हवं असेल तर आधी आलं पाण्यात चांगलं उकळून घ्या, मग दूध ओता. कच्चं आलं थेट दुधात टाकलं तर ते फाटण्याचा संभव असतो.

*बडीशेप.* एक सपाट चमचा, साधारण दोन ग्रॅम, खलबत्त्यात फक्त दाणा फुटेपर्यंत ठेचा. बारीक पूड नको. लगेच कपात टाका, त्यावर उकळतं पाणी ओता आणि वर बशी झाकून दहा ते पंधरा मिनिटं थांबा. ही गॅसवर उकळायची नाही. बशी उचलाल तेव्हा तिच्या आतल्या बाजूला जे थेंब दिसतील ते कपातच झटका, त्यातही तेलाचा अंश असतो. दिवसाला तीन कपांपेक्षा जास्त नको.

*ओवा.* अर्धा चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, हातावर रगडून किंवा हलका ठेचून एक कप पाण्यात. पाण्याला उकळी आली की झाकण ठेवून दोन मिनिटं, मग आच बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा आणि गाळून प्या. जेवणानंतर, दिवसाला दोनदा.

गूळ किंवा मध चवीपुरता घाला. मधुमेह असेल तर तोही नको.

तपासा: पातेल्यावर झाकण होतं का? चमचा सपाट होता का, की शिगोशीग? काढा उपयोगी पडला नाही म्हणणाऱ्यांना हे विचारलं की बहुतेक वेळा झाकणाचंच उत्तर ‘नाही’ असतं. शिगोशीग चमचा सुंठ घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, जळजळ मात्र होते.

५. घेण्याची वेळ

वर सांगितलेली रसायनं एकदा भरपूर तयार झाल्यावर त्यांना आवरणं अवघड जातं. म्हणून पाळी नियमित येत असेल तर आदल्या संध्याकाळपासून, नाहीतर पहिली कळ किंवा पहिला डाग दिसताच पहिला कप घ्या. नंतर साधारण आठ-आठ तासांनी, ओवा असेल तर दिवसाला दोनदाच, पहिले तीन दिवस. तिसऱ्या दिवसानंतर चालू ठेवण्याची गरज नाही, महिनाभर रोज पिण्याची तर नाहीच.

कपाबरोबर गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवा. शेक हा या सगळ्यातला खरंच गुणकारी भाग आहे. पिशवी कापडात गुंडाळा, थेट त्वचेवर ठेवून झोपी जाऊ नका.

पहिल्या कपानंतर दीड-दोन तासांत काहीच फरक नसेल तर आणखी कप घेत बसू नका. गोळी घ्या. वेदनाशामक गोळी घेणं म्हणजे काढा हरला असं नाही. मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणून पाळीच्या कळेवर तीच जास्त खात्रीची. गोळीचाही नियम तोच: दुखणं टोकाला जाईपर्यंत थांबू नये, काहीतरी खाऊन घ्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पहिले दोन दिवस घ्यावी.

थांबा: अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळीने वाढणारा दमा, किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल, डेंगीची शंका असेल, तर त्या टाळा. मेफेनामिक ॲसिड घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. या औषधाच्या अशा गंभीर ॲलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३च्या शेवटी इशारा दिला होता.

६. वहीत लिहा

हा टप्पा बहुतेकजणी सोडून देतात, आणि नंतर डॉक्टरांसमोर ‘खूप दुखतं’ एवढंच सांगता येतं. तसं सांगितलं तर ‘पाळीत दुखतंच’ असं ऐकून परत येण्याची शक्यता फार.

पाच गोष्टी पुरतात. दुखणं कधी सुरू झालं, म्हणजे रक्तस्रावाच्या आधी किती तास किंवा दिवस. किती होतं, शून्य ते दहा. कुठे होतं: मधोमध, एका बाजूला, कंबरेत, मांड्यांत, शौचाच्या जागी. पॅड किती वेळाने बदलावं लागलं आणि रक्ताच्या गाठी केवढ्या होत्या. काय घेतलं आणि त्यानंतर दोन तासांनी आकडा किती झाला. कॉलेज किंवा कामावर जाता आलं नाही तर तेही.

नमुना म्हणून एक काल्पनिक वही बघू. सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली, पुण्यात नोकरी करणारी मुलगी. पहिल्या पाळीची नोंद: ‘पाळीच्या तीन दिवस आधीपासून कंबर आणि ओटीपोट. पहिल्या दिवशी आठ. सुंठ तीन कप. मळमळ थांबली, दुखणं सात. दुसऱ्या दिवशी शौचाला बसताना आत सुरी खुपसल्यासारखं. रजा.’ दुसऱ्या पाळीची: ‘सुंठ आणि मेफेनामिक ॲसिड, दोन्ही वेळेवर. आठावरून पाच. शौचाची कळ तशीच. पाचव्या दिवशीही दुखतंय.’ तिसऱ्या पाळीची: ‘पाळी संपली तरी ओटीपोट जड. पंधराव्या दिवशीही कळ.’

यात काढा चुकीचा झाला नव्हता. मळमळ कमी झाली, म्हणजे सुंठीने तिचं काम केलं. पण दुखण्याची चालच साधी नाही. ते तीन दिवस आधी सुरू होतं, तीन दिवसांनंतरही राहतं, पाळी नसतानाही येतं, आणि शौचाच्या वेळी वाढतं. आता काढ्याचं प्रमाण वाढवणं चूक ठरेल. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्यायची.

७. कोणत्या दुखण्याला तपासणी हवी

लगेच जायचं दुखणं आधी. गर्भ राहिला असण्याची शक्यता असताना एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला कळ, हे गर्भनलिकेतल्या गर्भाचं लक्षण असू शकतं. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या, हे अंडाशयाला पीळ बसल्याचं. तापाबरोबर ओटीपोट दुखणं आणि दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, हे आतल्या संसर्गाचं. तासाला एक पॅड भिजणं सलग दोन तास चालू राहिलं किंवा शुद्ध हरपायला लागली, तरी थांबायचं नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. या वेळी काढा उकळत बसू नये.

काही दिवसांत वेळ घेऊन जायची दुखणी वेगळी. गोळ्या नीट, वेळेवर घेऊनही तीन पाळ्यांत आराम नाही. दुखणं दर वर्षी वाढतंय. पूर्वी दुखत नव्हतं आणि पंचविशी-तिशीनंतर सुरू झालं. संबंधाच्या वेळी, शौच किंवा लघवी करताना दुखतं. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, किंवा एक-दोन तासांत पॅड बदलावं लागणं, नाण्याएवढ्या गाठी. तांबी बसवल्यानंतर नव्याने दुखणं किंवा तिचा धागा हाताला न लागणं. मूल होत नसणं आणि सोबत हे दुखणं.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली पाळी आल्यावर सुरुवातीला महिनोन्महिने फार दुखत नाही आणि मग दुखायला लागतं, हे नेहमीचं. पण पहिल्याच पाळीपासून जीव घाबरवणारी कळ येत असेल, किंवा पाळी अजून आलेलीच नाही आणि दर महिन्याला ठरावीक दिवसांत पोट दुखतं, तर पाळीच्या वाटेत जन्मजात अडथळा असू शकतो. तिथे काढ्याचा काही उपयोग नाही, तपासणी लागते.

वेळ घेऊन दाखवायच्या वरच्या दुखण्यांमागे बहुधा एंडोमेट्रिओसिस असतं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं. किंवा तोच थर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं, म्हणजे ॲडेनोमायोसिस. किंवा गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतं, म्हणजे हा काही विरळा आजार नाही. आपल्याकडे गर्भाशय-गर्भनलिकांचा क्षयही डॉक्टर मनात ठेवतात.

८. तपासण्यांचा क्रम

डॉक्टर आधी विचारतील आणि पोट तपासतील. वही इथे उघडायची. मग साधारणपणे लघवीची तपासणी, गर्भ राहिला आहे का याची चाचणी आणि हिमोग्लोबिन. जास्त अंगावरून जात असेल तर थायरॉइडही.

त्यानंतर सोनोग्राफी. तातडी नसेल तर ती पाळी संपल्यावर लगेच, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करावी. पाळीच्या मध्यात दिसणारी नेहमीची फुग्यासारखी गाठ तेव्हा घोटाळा करत नाही. पोटावरून करायची असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. योनीमार्गातून करायची असेल तर मूत्राशय रिकामं हवं. दुसऱ्या पद्धतीत आतलं जास्त स्पष्ट दिसतं, पण ती संबंध न आलेल्या मुलींत करत नाहीत. तुमची परिस्थिती आणि संमती दोन्ही तिथे आधीच सांगा.

तपासा: रिपोर्ट हातात आला की सगळ्यात मोठी चूक इथे होते. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे आजार नाही, असं नसतं. फायब्रॉइड आणि एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात जुनं रक्त साठून झालेली चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दिसते, पण एंडोमेट्रिओसिसचे छोटे, पातळ डाग दिसत नाहीत. सीए-१२५ या रक्तचाचणीवरही निदान ठरवता येत नाही. ती दुसऱ्या कारणांनीही वाढते आणि आजार असताना सामान्य येऊ शकते.

वहीतल्या मुलीचं समजा पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत काहीच निघालं नाही. मग तिने डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या. माझ्या लक्षणांवरून एंडोमेट्रिओसिसचा संशय आहे का? खोलवर आजार आहे का ते बघायला एमआरआयचा उपयोग होईल का? आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया न करता हार्मोनच्या गोळ्या काही महिने देऊन बघता येतील का? पूर्वी पक्क्या निदानासाठी दुर्बिणीतून बघणंच योग्य मानत. युरोपातल्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून आणि सोनोग्राफीवरून आधी उपचार सुरू करता येतात, आणि आराम पडला नाही किंवा मूल हवं असेल तेव्हा दुर्बिणीचा विचार होतो. या गोळ्या चालू असतानाही सुंठीचा काढा घ्यायला सहसा हरकत नसते, फक्त डॉक्टरांना तसं सांगून ठेवा.

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाताना औषध सुरू केल्यानंतरच्या पाळ्यांचे आकडे लिहिलेलं वहीचं पान सोबत असू द्या. कोणत्या दिवशी किती दुखलं हे बघून डोस बदलायचा की औषधच बदलायचं, ते ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं.